वाढ कमी केली आणि नफा वाढला!

*आमची सांगलीत मसाल्यांची कंपनी आहे, मी तिथे हिशेब बघते. मुख्य माल हळद पूड. गेल्या वर्षी २,४०,००० किलो गेली, यंदा वजनात ८ टक्के वाढ धरली आहे. भाव किलोला १८० रुपये, तो १ जुलैपासून ५ टक्क्यांनी वाढवणार आहोत. किलोमागे कच्ची हळद, पॅकिंग आणि गाडीभाडं मिळून १४० रुपये जातात. बजेटच्या वर्कबुकमध्ये मी `Assump` नावाची वेगळी शीट ठेवली आहे. वाढ, भाव, माणसं सगळं तिथूनच उचललं जावं हा हेतू. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी तिथले ८ टक्के काढून ६ टाकले, तर नफा ६,७२,००० रुपयांनी वाढला! सगळे हसले. माझी शीट चुकली कुठे? की आमच्यासारख्या छोट्या कंपनीला वेगळी शीट म्हणजे उगाच सोंग आहे?*

*– एक वाचक, सांगली*

नफ्याचा नेमका आकडा लिहिलात हे बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. ६,७२,००० ला १४० ने भागा. ४,८०० येतात. आणि २,४०,००० किलोंचे २ टक्के म्हणजेही ४,८०० किलोच. म्हणजे साहेबांनी वाढ कमी केल्यावर ४,८०० किलोंचा खर्च व्यवस्थित खाली आला, पण तेवढ्याच किलोंची विक्री जागची हलली नाही. खर्चाच्या शीटा `Assump` ला जोडलेल्या आहेत. विक्रीची शीट तुटलेली आहे, तिथे कोणीतरी सूत्र पुसून आकडे हाताने भरलेत.

आता जोडणी धड असती तर काय व्हायला हवं होतं तेही कागदावर मांडून बघा. वर्षाला ४,८०० किलो कमी, म्हणजे महिन्याला सरासरी ४००. एप्रिल ते जून किलोमागे १८० वजा १४०, म्हणजे ४० रुपये सुटतात. जुलैपासून भाव १८९ होतो, तेव्हा ४९ सुटतात. पहिल्या तीन महिन्यांत ४८,००० आणि पुढच्या नऊ महिन्यांत १,७६,४००, असा नफा एकूण २,२४,४०० रुपयांनी कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो ६,७२,००० ने वाढला. दोन्ही मिळून ८,९६,४०० रुपयांचा फरक. साहेबांच्या डोक्यात ६ टक्क्यांचं जे चित्र बसलंय, त्यात नफा जवळजवळ नऊ लाखांनी फुगलेला आहे. त्यामुळे बाकी काही करायच्या आधी आजच त्यांना हे दोन आकडे पाठवा. उद्या कोणी त्या सहा टक्क्यांवर विसंबून मशीनची ऑर्डर देऊन बसेल.

हा हिशेब उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो. पुढे कधी वाढ दोन टक्क्यांनी कमी केली आणि नफा थेट ८,९६,४०० ने पडला, तर समजा की या वेळी विक्री हलली, खर्च मात्र हाताने भरलेला आहे. आणि काहीच हललं नाही तर दोन्ही तुटलंय. एक आकडा बदलायचा, उत्तर किती यायला हवं ते आधी कागदावर काढायचं आणि मगच पडद्याकडे बघायचं. बजेट मीटिंगला नेण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या गृहीतकाला ही एवढी तपासणी पुरते.

आता विक्रीवाल्यांनी सूत्र का पुसलं? मी तुमची फाइल पाहिलेली नाही, तरी एक शंका आहे. तुमच्या `Assump` मध्ये हळद पुडीचा भाव एकाच रकान्यात असणार: १८०. पण खरा निर्णय "१८०, आणि १ जुलैपासून १८९" असा आहे. एका रकान्यात तो मावत नाही. १८० ठेवला तर पुढचे नऊ महिने चुकतात, १८९ ठेवला तर पहिले तीन. विक्रीवाल्याने मग जे कोणीही करेल तेच केलं. महिन्यामहिन्याचे आकडे बाहेर काढले, सूत्रांवर चिकटवले आणि मोकळा झाला. त्याचे आकडे ८ टक्क्यांसाठी बरोबरही असतील, फक्त ते आता कशालाच बांधलेले नाहीत. गृहीतकांची शीट बहुतेक कंपन्यांत अशीच निकामी होते. शीट असते, पण "केव्हापासून" हे लिहायला तिच्यात जागा नसते. मग माणसं ती तारीख दुसरीकडे कुठेतरी कोंबतात.

म्हणून भावाला तीन रकाने द्या: आजचा भाव, नवा भाव आणि लागू तारीख. समजा हळद पूड १२ व्या ओळीत आहे. C12 मध्ये १८०, D12 मध्ये १८९, E12 मध्ये १ जुलै. विक्रीच्या शीटवर चौथ्या ओळीत महिने असतील, तर प्रत्येक महिन्याचा भाव असा येईल:

```
=IF(D$4<Assump!$E$12, Assump!$C$12, Assump!$D$12)
```

इथे एक खोड लक्षात ठेवा, कारण ती सहज दिसत नाही. चौथ्या ओळीत महिन्याच्या जागी खरी तारीख हवी, म्हणजे त्या महिन्याची १ तारीख. दिसायला तिला हवं तर "एप्रिल" असं फॉरमॅट द्या, पण रकान्यात तारीखच हवी. तिथे कोणी "एप्रिल" हा शब्द टाइप केला, तर एक्सेल चूक दाखवत नाही. एक्सेलच्या लेखी मजकूर हा कुठल्याही संख्येपेक्षा मोठा असतो. त्यामुळे "एप्रिल १ जुलैच्या आधी आहे का" याचं उत्तर कायम "नाही" येतं आणि नवा भाव एप्रिलपासूनच लागतो. महिन्याला सरासरी २१,६०० किलो, किलोमागे ९ रुपये, तीन महिने: ५,८३,२०० रुपयांची विक्री हवेत. तपासणी सोपी आहे. E12 मधली तारीख १ जुलैची १ ऑक्टोबर करा. विक्री साधारण ५,८३,२०० ने कमी झाली पाहिजे. नाही झाली तर आधी चौथी ओळ बघा.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. ज्या मालाचा भाव वाढवायचा नाही, त्याच्या D रकान्यातही जुनाच भाव लिहा. रिकामा सोडाल तर रिकामी तारीख म्हणजे शून्य धरली जाते, सूत्र नवा भाव उचलतं, आणि नवा भावही रिकामा, म्हणजे शून्य. आणि भाववाढ महिन्याच्या मधे, समजा १५ जुलैला असेल, तर वरचं सूत्र ती ऑगस्टपासून धरेल. पंधरा दिवसांसाठी सूत्राचा गुंता वाढवण्यापेक्षा मी ते तसंच चालवून घेईन.

वाढीच्या दराचं दुखणं थोडं वेगळं आहे. "८ टक्के वाढ" हे वाक्य मीटिंगमध्ये सगळ्यांना कळतं, शीटमध्ये मात्र त्याचे दोन अर्थ होतात. पहिला: गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावर ८ टक्के. दुसरा: वर्षाचे ८ टक्के भागिले १२, म्हणून दर महिन्याला आधीच्या महिन्यावर ०.६७ टक्के. दुसरा प्रकार बऱ्याच फाइलींत दिसतो आणि तो वाटतोही शास्त्रशुद्ध. पण गेलं वर्ष महिन्याला सारखं २०,००० किलो धरून मार्चपासून असं चढत गेलात, तर वर्षाची बेरीज फक्त ४.४ टक्क्यांनी वाढते. मार्च ते मार्च ८ टक्के होतात खरे, पण वर्षभराचा माल जातो सुमारे २,५०,७०० किलो. साहेबांच्या मनातले किलो होते २,५९,२००. साडेआठ हजार किलोंचा घोळ, आणि दोन्ही बाजू छातीठोकपणे म्हणणार की आम्ही आठच टक्के धरलेत.

मसाल्याच्या धंद्यात पहिलाच प्रकार घ्या. तुमची विक्री दर महिन्याला सारखी नसणार. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायची घाई, पुढे दिवाळी, हे चढउतार गेल्या वर्षीच्या महिन्यांत आपोआप आलेले आहेत. गेल्या वर्षीचा मे गुणिले १.०८ केलं की यंदाच्या मेला त्याचा आकार मिळतो. आणि `Assump` मध्ये नुसतं "वाढ ८%" लिहू नका. "हळद पूड, किलोतील वाढ, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावर" एवढं लांबलचक नाव द्या. नाव लांब झालं म्हणून कोणी रागावत नाही.

"किलोतील" हा शब्द तर अजिबात गाळू नका. विक्रीची वाढ रुपयांत धरली की भाववाढ त्यात मिसळते. ८ टक्के वजन आणि ५ टक्के भाव मिळून रुपयांत १३.४ टक्के होतात. मग कोणीतरी १३ टक्के हा एकच आकडा शीटमध्ये टाकतो, कच्च्या मालाची शीट तोच उचलते, आणि भाव वाढवला म्हणून आपण कागदावर जास्त हळद दळायला लागतो. कच्चा माल, पॅकिंग, गाडीभाडं हे सगळं किलोंच्या मागे चालायला हवं. तुमच्या फाइलमध्ये खर्च बरोबर ६,७२,००० ने हलला, त्याअर्थी एवढं तरी तुम्ही नीट केलेलं आहे. त्याला हात लावू नका.

कच्च्या हळदीचा भाव लिहिताना एकक शेजारच्या रकान्यात लिहा. बाजार समितीत सौदा क्विंटलवर होतो आणि तुमची पूड किलोवर जाते. खरेदीवाल्याला क्विंटलचाच भाव लिहू द्या, भागिले १०० सूत्राने करा. त्याला मनात भागाकार करायला लावलंत तर एखाद्या वर्षी तो करायचा राहील.

आता माणसं. तुमच्या शीटमध्ये विभागवार संख्या असेल: विक्री ६, उत्पादन २२, ऑफिस ५. तारखेची अडचण इथे सगळ्यात जास्त टोचते, कारण माणूस कधी येणार यावरच पगाराचा खर्च ठरतो. संख्येऐवजी पदांची यादी करा. एका ओळीत एक पद: B मध्ये विभाग, C मध्ये किती जण, D मध्ये एकाचा महिन्याचा पगार, E मध्ये रुजू होण्याची तारीख. आज कामावर असलेल्या सगळ्यांना १ एप्रिल लिहा. यादी ३० ते ६० या ओळींत असेल, तर विभागाचा महिन्याचा पगार असा निघतो:

```
=SUMPRODUCT((Assump!$B$30:$B$60=$A8)
 *(Assump!$E$30:$E$60<=D$4)
 *Assump!$C$30:$C$60
 *Assump!$D$30:$D$60)
```

A8 मध्ये विभागाचं नाव आहे. ते दोन्हीकडे अक्षराला अक्षर सारखं हवं, म्हणून यादीत ते टाइप करू देऊ नका, Data Validation ची यादी लावून निवडायला द्या. "विक्री" च्या मागे एक स्पेस पडली की त्या माणसाचा पगार बजेटमधून गायब होतो, आणि खर्च कमी दिसल्याची तक्रार कोणी करत नाही. म्हणून यादीतल्या सगळ्या माणसांची बेरीज आणि विभागवार शीटवरच्या मार्चच्या माणसांची बेरीज जुळते का, हे दाखवणारा एक रकाना `Assump` च्या अगदी वर ठेवा.

कोणी निवृत्त होणार असेल तर त्याची ओळ खोडू नका. खाली नवी ओळ घ्या, C मध्ये उणे १ लिहा, पगार तोच, तारीख तो जाईल त्याच्या पुढच्या महिन्याची १. सूत्र तेच राहतं आणि तो का गेला, कधी गेला हे मार्चमध्येही दिसतं.

यादीचा खरा फायदा मीटिंगमध्ये होतो. समजा दोन नवे सेल्समन १ जूनला येणार होते, पगार २८,००० प्रत्येकी. साहेब म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर घेऊ, सप्टेंबरला. एक तारीख बदलायची आणि १,६८,००० रुपये वाचले हे तिथल्या तिथे दिसतं. त्यावर पीएफचा मालकाचा हिस्सा वेगळा. तुम्ही तो कायद्याच्या पगारमर्यादेपर्यंतच भरत असाल, तर १५,००० चे १२ टक्के म्हणजे माणशी महिना १,८००, तीन महिन्यांचे दोघांचे १०,८००. हे १२ टक्के आणि १५,००० सुद्धा सूत्रात न ठेवता `Assump` वर ठेवा. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला ६,५०० वरून १५,००० झाली होती, आणि ती पुन्हा बदलली तर तुम्हाला सगळ्या पगारशीटा उकरत बसायला नको. पगारवाढीसाठी यादीत "वाढ लागू: हो/नाही" असा एक रकाना ठेवा. सप्टेंबरमध्ये आलेल्याला जुलैची वाढ देणारी बजेटं मी भरपूर पाहिली आहेत.

दुरुस्ती कुठून सुरू करायची, तर विक्रीच्या शीटवरून. फाइलची प्रत काढून ठेवा, महिन्यांचा भाग निवडा, `Ctrl+G` दाबा, Special मध्ये Constants निवडा आणि फक्त Numbers वर खूण ठेवा. हाताने भरलेला प्रत्येक आकडा एकदम निवडला जाईल. त्यांना पिवळा रंग देऊन टाका. लपलेले आकडे मात्र असे सापडत नाहीत. `=C9*1.08` हे एक्सेलच्या दृष्टीने सूत्रच आहे. त्यांच्यासाठी `Ctrl+F` मध्ये `~*1.` शोधा आणि Look in ला Formulas ठेवा. आधीची नागमोडी रेघ गाळू नका, नुसता तारा म्हणजे एक्सेलला "काहीही" वाटतं. मग तीच शोधाशोध पूर्ण वर्कबुकमध्ये करा. Within ला Workbook ठेवलं की झालं.

पिवळे रकाने लगेच पुसू नका. विक्रीवाल्याला शेजारी बसवा आणि प्रत्येकाचं कारण विचारा. बहुतेकांचं उत्तर भाववाढ हेच येईल, ते नव्या तारखेच्या रकान्याने सुटतील. एखादा मात्र असा निघेल: "नोव्हेंबरमध्ये एका हॉटेलवाल्याची ३,००० किलोंची एकदाची ऑर्डर आहे." हे ना वाढ आहे ना भाव. अशांसाठी `Assump` वर "एकदाच्या गोष्टी" असा छोटा तक्ता ठेवा: काय, कोणता महिना, किती किलो, कोणी सांगितलं. त्याला जागा दिली नाहीत तर तो पुन्हा सूत्रावर आकडा चिकटवणार, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. याच कारणाने शीटला पासवर्ड लावून भागेल असं मला वाटत नाही. कुलूप लावलेल्या शीटची लोक प्रत काढतात, आणि मग दोन बजेटं फिरतात.

"कोणी सांगितलं, कधी" हा रकाना खरं तर सगळ्याच ओळींना द्या. ८ टक्के कोणी सांगितले? विक्रीप्रमुखांनी, अमुक तारखेच्या मीटिंगमध्ये. पगारवाढ कोणी ठरवली? साहेबांनी फोनवर. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये ठरलेलं तीन महिन्यांनी कोणालाच सापडत नाही.

छोट्या कंपनीला हे जास्तीचं आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर शीटच्या लांबीवर आहे. तुमची `Assump` छापून दोन पानांत मावली पाहिजे. ज्या गोष्टीवर मीटिंगमध्ये कोणी "असं केलं तर?" विचारणार नाही, ती तिथे नको. करारात ठरलेलं भाडं, विम्याचा हप्ता, ऑडिटरची फी त्यांच्या शीटवर हाताने लिहिलेली राहू देत, फक्त निळ्या अक्षरांत, म्हणजे हा भरलेला आकडा आहे हे दिसेल. सूत्राने निघणारा बजेटचा कुठलाच निकाल `Assump` वर आणू नका. एकूण विक्री तिथे दिसली की कोणीतरी तिच्यावर टाइप करतो. आणि ही शीट त्याच वर्कबुकमध्ये ठेवा, वेगळ्या फाइलमध्ये नाही. बजेटची फाइल बंद असताना दुसऱ्या फाइलमध्ये नवी ओळ घुसली, तर तिच्यातून आकडे उचलणाऱ्या सूत्रांना ते कळत नाही, ती जुन्याच जागेवरून भलता आकडा आणतात.

बरं, साहेबांना ८, ६ आणि १० अशी तिन्ही चित्रं आलटून पालटून बघायची असतील तर वाढीच्या ओळीला तीन रकाने द्या आणि वर C2 मध्ये १, २ किंवा ३ लिहून निवडा:

```
=CHOOSE($C$2, F7, G7, H7)
```

पण हे विक्रीची शीट सांधल्यावर. आत्ता केलंत तर तिसऱ्या चित्रात वाढ जास्त धरूनही नफा घटलेला दिसेल.

आणि बजेट मंजूर झालं की `Assump` चे सगळे आकडे त्याच फाइलमध्ये नव्या शीटवर Paste Special करून, Values म्हणून, मंजुरीच्या तारखेच्या नावाने ठेवून द्या. जुलैत भाव १८९ ऐवजी १८६ वर अडला तर मूळ शीटमध्ये १८६ करा, पुढचा अंदाज त्यावर काढा. मंजूर शीटवर मात्र १८९ च राहू द्या, कारण ऑक्टोबरमध्ये साहेब विचारतील की नफा कुठे गेला, तेव्हा किलोमागचे ३ रुपये गुणिले जुलैपासून गेलेले किलो हा त्या उत्तराचा पहिला तुकडा असेल.